रेशमी अभ्रा आणि गालावरची रेघ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘सुरकुत्या टाळायच्या तर रेशमी अभ्रा वापरा’ असा सल्ला वाचला. हाच सल्ला ऐकून मी गेल्या वर्षी पणजीतून महागडा अभ्रा आणला होता, म्हणून हे पत्र.

मी शिक्षिका, वय 53, रोज फोंड्याहून पणजीला बसने जाते. माझ्या डाव्या कानापासून ओठाच्या कोपऱ्याकडे एक रेघ उतरते, दुसरी डाव्या भुवईच्या वर तिरकी. पूर्वी तोंड धुऊन चहा होईपर्यंत त्या मावळायच्या. आता दुसऱ्या तासापर्यंत टिकतात आणि पहिल्या बाकावरून प्रश्न येतो, “टीचर, गालाला काय लागलं?” वयाबरोबर कातडीची लवचिकता कमी होते, घडी उलगडायला वेळ लागतो. अभ्र्याने चार महिन्यांत काहीच फरक पडला नाही.

माझी भाची त्वचेची डॉक्टर आहे. तिने मला आरशासमोर उभं केलं. भुवया उंचावल्या तर कपाळावर आडव्या रेघा उमटल्या, तिरकी मात्र जशीच्या तशी. मग तळहाताने डावा गाल नाकाकडे ढकलायला सांगितला, आणि रेघेच्याच जागी खोल घडी पडली! म्हणजे ही रेघ हसण्या-रागावण्याची नाही, कुशीवर झोपून गाल दबल्याची. बोटॉक्स स्नायू सैल करतं, त्यामुळे इथे त्याचा फारसा उपयोग नाही. रेशमाने घासणं कमी होतं, पण डोक्याचं वजन गालावर पडायचं ते पडतंच.

उपाय उताणं झोपण्याचा. तो मी केला, आणि तिसऱ्या रात्री आमच्या ह्यांनी उठून दुसरी खोली गाठली, इतकी मी घोरत होते. भाचीने लगेच थांबवलं. घोरणाऱ्यांनी किंवा झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी सुरकुत्यांपायी उताणं झोपू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही कूसच बरी.

तेव्हा कूस ठेवली, टेकण्याची जागा बदलली. सावरीची मऊ उशी काढली, कारण तिच्यात गाल रुततो. खांद्यापासून कानापर्यंतची पोकळी भरेल एवढी घट्ट उशी घेतली. डोकं कानाच्या वरच्या भागावर टेकवते आणि गाल उशीच्या कडेबाहेर मोकळा सोडते. छातीशी एक लोड धरते, त्यामुळे अंग पालथं कलंडत नाही. झोपेत माणूस कितीतरी वेळा कूस बदलतो, त्यामुळे पहाटे गाल पुन्हा उशीवर सापडतोच, पण रात्रभर नाही.

दोन महिने झाले. रेघ आता बस फोंड्यातून सुटेपर्यंत पुसट होते. कायमची बसलेली बारीक घडी मात्र आहे तिथेच आहे, ती उशीने जाणार नाही असं भाचीने आधीच सांगितलं होतं. आणि आपल्या उन्हात सनस्क्रीन न लावता फिरणाऱ्या बाईने उशीला दोष देऊ नये, असंही तिने सुनावलं.

पुढच्या पुरवणीत अभ्र्याच्या किमतीऐवजी ती तळहाताची चाचणी छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, फोंडा