विषय: गेम खेळताना फोन तापून अडकतो – तीन फोन करूनही दखल नाही

ग्राहक सेवा व्यवस्थापकांना,

काल तुमच्या ग्राहक सेवेला तिसऱ्यांदा फोन केला. तुमचा माणूस म्हणाला, "सर, तुमच्याकडे गर्मीच जास्त आहे, एसीच्या खोलीत खेळा." मी म्हटलं, आमच्या गावात दुपारी लाईनच नसते, एसी कुठला? तर म्हणे, "मग पाऊस पडेपर्यंत गेम नका खेळू." हे त्याने दोनदा ऐकवलं आणि मागे कोणीतरी हसलं, तेही मला ऐकू आलं. एप्रिलमध्ये तुरीचे पैसे आले तेव्हा साडेदहा हजार मोजून मी हा फोन हिंगणघाटहून घेतला. खोक्यावर 'गेमिंग' तुम्हीच छापलंत. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 वर जातो, हे विकताना माहीत नव्हतं?

"बॅकग्राउंडचे अ‍ॅप बंद करा" हे तिन्ही वेळा सांगितलं. ते मी पहिल्याच दिवशी केलं होतं. डेव्हलपर ऑप्शनमध्ये Background process limit दोनवर आणलं. फोन बंद करून चालू केला की ती सेटिंग पुसली जाते, म्हणून दर वेळी पुन्हा करतो. त्याने एवढंच झालं की सामना सुरू होताना बसणारे झटके गेले. ते झटके रॅम भरल्यामुळे होते, हे मलाही पटतं.

पण माझी तक्रार त्या झटक्यांची नाही. दुपारी बारा-तेरा मिनिटं गेम नीट चालतो. मग फोनची पाठ कॅमेऱ्याजवळ हात लावू देत नाही, स्क्रीन आपोआप मंद होते आणि 40 वरचा फ्रेम रेट 20 च्या आसपास येऊन तिथेच राहतो. बॅटरीचं तापमान तेव्हा 44 अंश दाखवतं. ग्राफिक्स Smooth केलं, सावल्या बंद केल्या, चार्जर काढला, कव्हर काढलं. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं जास्त मिळाली. मग पहाटे साडेपाचला अंगणात, त्याच सेटिंगवर, तोच गेम खेळलो. पंचवीस मिनिटं फ्रेम रेट हलला नाही.

म्हणजे अ‍ॅपचा दोष नाही, रॅमचाही नाही. चिप तापते, आतली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून फोन स्वतःच चिपचा वेग कमी करतो. हे तुमच्या इंजिनिअरला माहीत आहे. मग मला फॅक्टरी रीसेट कशाला करायला लावलंत? माझ्या पोरीचे बारशाचे फोटो त्यात गेले.

नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला मी एकदाच येईन. माझ्यासमोर अर्धा तास गेम चालवा, तापमान लिहून सही करून द्या, मग फोन बदला किंवा पैसे परत करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करून वर्ध्याच्या ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी मला तुमच्या शहरात यायची गरज नाही. घरात आधीचे दोन फोन तुमचेच होते. चौथा होणार नाही.

एक ग्राहक, तालुका हिंगणघाट