नावं न घेताही ओळख पटते

ऐरोली

प्रिय निखिल,

तुझ्या फोटोग्राफीच्या पेजवर टाकण्यासाठी केलेलं लग्नाच्या फोटोंचं कॅरोसेल पाहिलं. अंतरपाटाचा फोटो पहिला ठेवलास ते फार आवडलं. कॅप्शन मात्र तसंच टाकू नकोस.

तू नावं गाळलीस, पण ‘घोडबंदर रोडच्या हॉलवर, 14 डिसेंबर, बँकेतली ती आणि मर्चंट नेव्हीतला तो’ असं लिहिलंस. त्यात हॉलचं लोकेशनही टॅग केलंस. त्या दिवशी त्या हॉलवर लग्न एकच असेल, तर ओळख पटायला नाव कशाला हवं? एकेकटा तपशील निरुपद्रवी असतो. तारीख, जागा आणि नोकरी एकत्र आली की माणूस सापडतो. यातलं काहीच ठेवू नकोस, फक्त शहर लिही. फोटोग्राफर शोधणाऱ्या जोडप्याला एवढंच हवं असतं: हा ठाण्यात काम करतो का, आणि आमच्या लग्नात कसा वागेल?

फोटोही नीट बघ. चौथ्यात मागे स्वागताच्या फलकावर दोघांची नावं स्पष्ट वाचता येतात आणि सहाव्यात मेंदीत नवऱ्याचं नाव आहे. फलक कापता येईल. मेंदीचा फोटो सरळ बदल, हिरव्या चुड्याचा तुझ्याकडे असेलच. करवलीसोबतची ती लहान मुलगी कोणाची? तिच्या आईबाबांना वेगळं विचारायला हवं. नवरानवरीचा होकार तिला लागू होत नाही.

आता परवानगी. ‘फोटो माझेच आहेत’ असं तू फोनवर म्हणालास, पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वाच. पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणून बुकिंगच्या करारातच तीन पर्याय लिही: चेहऱ्यासह चालेल, चेहरा नको, काहीच नको. टाकण्याआधी नेमके फोटो आणि कॅप्शन दोघांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. एकाचा होकार पुरेसा मानू नकोस. लग्नाच्या धांदलीत मिळालेला तोंडी ‘हो’ तर अजिबात नको.

कॅप्शन मी नव्याने लिहिलं आहे. पूर्ण उघडण्याआधी त्याची सुरुवातच दिसते, म्हणून लग्नातला क्षण आधी घेतला आहे:

‘अंतरपाट खाली येण्याआधी हातातले हार थरथरत होते आणि दोन्हीकडे हसू एकच होतं.

मंगलाष्टकं चालू असताना मी कडेला उभा राहतो, घरच्यांच्या आणि गुरुजींच्या मध्ये येत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतली लग्नं.

हे फोटो दोघांना दाखवून, विचारून टाकले आहेत. तुमचे कुठेही नको असतील तर बुकिंग करतानाच सांगा, ते फक्त तुमच्या अल्बममध्ये राहतील. तारखेसाठी मेसेज करा.’

शेवटचा परिच्छेद गाळू नकोस. घरच्यांना अजून सगळं सांगितलेलं नसलेली जोडपीही असतात. त्यांना तुला फोन करावासा वाटेल तो याच ओळींमुळे.

कमेंटमध्ये मावश्या नावं घेऊन अभिनंदन करतीलच. पहिले दोन दिवस लक्ष ठेव आणि अशा कमेंट लपव. पुढे कधी त्या दोघांपैकी कोणी ‘काढ’ म्हणालं, तर कारण न विचारता काढ.

चुड्याचा फोटो निवडलास की पाठव.

तुझी,
मेघना