‘सीटी नॉर्मल’ म्हणजे स्ट्रोक नाही, असे नव्हे

मा. आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मी क्ष-किरणतज्ज्ञ आहे. एका सकाळची हकीकत सांगतो.

५८ वर्षांचे गृहस्थ रात्री अकराला धडधाकट झोपले. सहाला उठले तेव्हा उजवा हात लुळा आणि बोबडी वळलेली. सव्वासातला सीटी झाला. रक्तस्राव नाही, बाकी मेंदू जवळपास निर्दोष. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकून स्ट्रोक घडवणारी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत देतात. पण झोपेतल्या स्ट्रोकची सुरुवात कुणालाच ठाऊक नसते, म्हणून घड्याळ रात्री अकरापासून मोजले गेले आणि इंजेक्शन राहिले.

या घड्याळावर तोड आहे, ती एमआरआयमध्ये. मेंदूच्या एखाद्या भागाचे रक्त थांबले की तिथल्या पेशीतले मीठ बाहेर काढणारे पंप बंद पडतात आणि बाहेरचे पाणी पेशीत शिरून तिथेच कोंडते. डिफ्युजन चित्र पाण्याची हालचाल टिपते, त्यामुळे हा भाग बहुतेकदा काही मिनिटांतच पांढरा उजळतो. सोबतच्या, या हालचालीचे माप दाखवणाऱ्या एडीसी नकाशात तो काळा दिसला की ती ताजी इजा मानायची. तिथे काळा नसेल, तर जुन्या डागाची झाकही असू शकते. सीटीला दिसण्याइतका बदल व्हायला मात्र बरेचदा कित्येक तास लागतात.

खरी किल्ली फ्लेअर या दुसऱ्या चित्रात आहे, कारण ते उशिरा उजळते. डिफ्युजन पांढरे आणि फ्लेअर अजून कोरे असेल, तर स्ट्रोक बहुधा साडेचार तासांच्या आतला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेक-अप’ चाचणीत याच खुणेवर निवडलेल्या रुग्णांना इंजेक्शनचा फायदा झाला. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका होताच, तो नाकारत नाही.

आमचा एमआरआय विभाग नऊला उघडतो. त्या दिवशी यादी भरलेली होती. या रुग्णाचा नंबर बाराला लागला, तेव्हा डिफ्युजन पांढरे होते आणि फ्लेअरही. साडेसातला काय दिसले असते, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

म्हणून विनंती एवढीच की, जिथे यंत्र आहे तिथे झोपेतून उठताना लक्षणे दिसलेल्या रुग्णासाठी ते रात्रीही चालू असावे आणि अशा रुग्णाने यादीत थांबू नये. संपूर्ण तपासणीची गरज नाही. डिफ्युजन, एडीसी, फ्लेअर आणि रक्तस्राव दाखवणारे एक चित्र, एवढे दहा मिनिटांत होते. पेसमेकर किंवा अंगातला धातू मात्र आधी विचारावाच लागतो.

याचा उलटा अर्थ निघू नये. सुरुवातीची वेळ माहीत असेल आणि सीटीत रक्तस्राव नसेल, तर एमआरआयसाठी इंजेक्शन अडवू नये. शिवाय डिफ्युजनही चुकते, विशेषतः मेंदूच्या देठातला छोटा स्ट्रोक पहिल्या दिवशी निसटू शकतो. आणि आमच्या अहवालांत ‘नॉर्मल’ या एका शब्दाऐवजी ‘रक्तस्राव नाही; सुरुवातीचा स्ट्रोक यावरून नाकारता येत नाही’ असे लिहिण्याचा आदेश निघाला, तर त्याला एक पैसाही लागणार नाही.

आपला,
एक क्ष-किरणतज्ज्ञ