टीव्ही घेण्याआधी टेप काढा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, ४३ इंची फोर-के टीव्ही ठरवलात असं आईकडून कळलं. पैसे भरण्याआधी एवढं वाचा, कारण तोच टीव्ही मी घेतला आणि फसले. दुकानात तीन फुटांवर उभी राहून पाहिला तेव्हा चित्र कोरल्यासारखं दिसत होतं. घरी सोफा दहा फुटांवर. तिथून जुन्या फुल-एचडी टीव्हीपेक्षा काहीच वेगळं दिसेना. एकदा स्क्रीन पुसायला जवळ गेले, तेव्हा कुठे स्कोअरच्या पट्टीतली बारीक अक्षरं किती रेखीव आहेत ते कळलं.

फोर-केमध्ये फुल-एचडीच्या चौपट ठिपके असतात, पण लांब गेलं की ते डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. नजर चांगली असेल तर स्क्रीनच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतरावर फुल-एचडीचेच ठिपके एकमेकांत मिसळतात. त्याच्या पलीकडून फोर-के असो वा नसो, सारखंच. ४३ इंचाला ही हद्द साडेपाच फुटांवर येते, ५५ ला सात, ६५ ला साडेआठ.

तुमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे. टीव्हीच्या भिंतीपासून तिथे बसलेल्याच्या डोळ्यांपर्यंत टेपने मोजा, मला वाटतं नऊ फूट भरेल. मग ४३ चा फोर-के तिथून वायाच. ६५ घेतला तरी तुम्ही हद्दीच्या बाहेरच राहाल, शिवाय त्या भिंतीवर देव्हाऱ्याची खिडकी झाकली जाईल. म्हणून माझं मत, ५५ घ्या आणि सोफा अडीच फूट पुढे ओढा. मागे आईच्या शिलाई मशीनला जागा होईल.

आधी वर्तमानपत्रं चिकटवून १२२ सेंटीमीटर रुंद आणि ६८ उंच चौकोन भिंतीवर लावा. त्याचा मध्य बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊ दे, फार वर नको, नाहीतर बाबांची मान दुखेल. दोन दिवस समोर बसून पाहा.

बाबा, मोतीबिंदूनंतर लांबचा चष्मा लागला आहे ना, तो घालूनच बसा. नजर थोडी जरी कमी असेल तरी हद्द आणखी जवळ येते. डोळ्यांच्या तपासणीत नजर सहा-नऊ निघाली असेल तर ५५ इंचालाही पावणेपाच फूट.

आणि आई, तुझ्या मालिका साध्या एसडी चॅनेलवर येतात. मोठ्या स्क्रीनवर जवळून त्या धुरकट, चौकोनी दिसतील. टीव्ही खराब निघाला असं वाटेल, पण दोष टीव्हीचा नसतो, येणारं चित्रच कमी ठिपक्यांचं असतं. सेट-टॉप बॉक्सवर त्याच चॅनेलचं एचडी घे आणि बॉक्स एचडीएमआय वायरनेच जोडायला सांग.

टेपचा आकडा फोनवर सांगा, मग मॉडेल बघते.

तुमची लेक