समकालीनांचा तक्ता आणि चार कालगणना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिवजयंतीच्या आपल्या पुरवणीत ‘महाराजांचे समकालीन’ हा तक्ता छापला होता. कल्पना चांगली होती. जन्म-मृत्यूची साले एकाखाली एक आली की कोण कोणाच्या वेळी किती वर्षांचे होते ते नजरेत भरते. पण त्या तक्त्यात प्रत्येकाची तारीख वेगळ्या पंचांगातून उचललेली आहे आणि छापताना सगळ्यांवर ‘इ. स.’ एवढाच शिक्का बसला आहे. आमच्या वाचनालयाच्या फलकासाठी तो तक्ता उतरवून घ्यायचे ठरले होते, म्हणून मी मूळ नोंदींशी ताडून पाहिला. जे आढळले ते कळवतो.

महाराजांच्या जन्मापासूनच सुरुवात करू. जेधे शकावलीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असे आपण शाळेत शिकलो. पण हे पौषाच्या मध्यापर्यंतच चालते. १ जानेवारी उलटली की शक तोच राहतो आणि सन बदलतो, त्यामुळे माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. म्हणून १६२९ नव्हे, १६३०. आता १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये किंवा एखाद्या संकेतस्थळावर टाकून पाहा, वार मंगळवार येतो. शकावली म्हणते शुक्रवार. यात शकावलीची चूक नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची तारीख आहे आणि मोबाइल ती आजच्या ग्रेगरियन पद्धतीची समजतो. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. ग्रेगरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३०, आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो.

महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० हेही ज्युलियनच; शके १६०२, रौद्र संवत्सर, चैत्र शुद्ध पौर्णिमा, शनिवार. आपल्याकडची शिवकालाची बहुतेक इंग्रजी तारखांची जंत्री याच जुन्या पद्धतीने मांडलेली असते. त्यामुळे महाराजांच्या आणि संभाजी महाराजांच्या तारखा आपापसांत बरोबर जुळतात. घोळ होतो तो शेजारी औरंगजेब आणून बसवला की.

त्याचा जन्म आपण ३ नोव्हेंबर १६१८ आणि मृत्यू ३ मार्च १७०७ असा दिला आहे. या दोन्ही ग्रेगरियन तारखा आहेत. मूळ नोंद हिजरी, १५ जिल्काद १०२७ आणि २८ जिल्काद १११८. जुन्या पद्धतीने जन्म २४ ऑक्टोबर १६१८ ला जातो आणि मृत्यू २० फेब्रुवारी १७०७ ला. मृत्यूच्या वेळी फरक अकरा दिवसांचा धरायचा, कारण १७०० साली ज्युलियन पद्धतीत २९ फेब्रुवारी होता, ग्रेगरियनमध्ये नव्हता. पण पेच इथे संपत नाही. दरबारी इतिहासात बादशहाच्या मृत्यूचा वार शुक्रवार दिला आहे आणि ३ मार्च १७०७ ला गणिताने गुरुवार येतो. हिजरी महिना चंद्रदर्शनावर सुरू होतो आणि कोष्टक सरासरी चांद्रमासावर चालते. छावणीत चंद्र एक दिवस उशिरा दिसला असेल तर २८ जिल्काद शुक्रवारीच येतो. म्हणून हिजरीवरून काढलेल्या प्रत्येक तारखेला एक दिवस मागेपुढे अशी मोकळीक ठेवावी आणि वार मिळाला तर वाराला मान द्यावा. माझ्या फलकावर या रकान्यात २०/२१ असेच लिहिले आहे.

वयाचा हिशेब तर आणखी फसवा. १११८ मधून १०२७ वजा केले की ९१ येतात. पण हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे सौर मापाने बादशहा ८८ वर्षे ४ महिने जगला. आपल्या तक्त्यात वयाच्या रकान्यात ९१ छापले आहे आणि शेजारी महाराजांचे ५१. तेही शकांच्या वजाबाकीतून आलेले दिसते, १६०२ वजा १५५१. जन्म फाल्गुनात, म्हणजे वर्ष संपता संपता, आणि मृत्यू चैत्रात, वर्ष सुरू होता होता. प्रत्यक्ष आयुष्य पन्नास वर्षे आणि दीड महिना.

असे हिशेब बिनचूक करायचे तर प्रत्येक तारखेला ज्युलियन दिनांक द्यावा. खगोलवाले वापरतात तो दिवसांचा सलग क्रमांक. नाव सारखे असले तरी याचा ज्युलियन पंचांगाशी घोटाळा करू नये. महाराजांच्या जन्मदिवसाचा क्रमांक २३१६४६५, निधनाच्या दिवसाचा २३३४७७१. वजाबाकी १८३०६ दिवस. क्रमांकाला ७ ने भागून बाकी ० उरली तर सोमवार, १ उरली तर मंगळवार. इथे पहिल्याची बाकी ४, शुक्रवार. दुसऱ्याची ५, शनिवार. एक्सेलवर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ते १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही, नुसती अक्षरे समजते. हे क्रमांक मात्र निमूट वजा करून देते.

आमच्या साताऱ्याला सगळ्यांत बोचणारी नोंद समर्थ रामदासांची. आपण निर्वाण १६८१ छापले आहे. ते आणखीही बऱ्याच ठिकाणी तसेच आढळते. मूळ तिथी माघ वद्य नवमी, शके १६०३, दुर्मती संवत्सर. माघ महिना, म्हणजे ७९ मिळवायचे: जानेवारी १६८२. एका वर्षाने काय बिघडते असे कोणी म्हणेल, म्हणून सांगतो. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १६०२ च्या माघात, जानेवारी १६८१ च्या मध्याला झाला. समर्थांचे निर्वाण त्याच जानेवारीत धरले तर राज्याभिषेकानंतर पंधरवड्यातच ते गेले असे होते. वास्तविक संभाजी राजांच्या कारकिर्दीचे एक संपूर्ण वर्ष त्यांनी पाहिले.

शकाचा आकडा छपाईत हलला असेल का, ही शंका संवत्सराच्या नावाने फिटते. शकात १२ मिळवून ६० ने भागायचे, बाकी हा संवत्सराचा क्रमांक. १६०३ ला बाकी ५५, दुर्मती. जुळले.

याच गुंत्यात इंग्रज आणखी भर घालतात. ते १७५२ पर्यंत ज्युलियनच वापरत होते, शिवाय त्यांचे सरकारी वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे जानेवारी १६८२ मधले सुरतेच्या वखारीचे पत्र १६८१ सालाचे म्हणून मिळते. दुसरा चार्ल्स वारला ती तारीख तेव्हाच्या कागदांत ६ फेब्रुवारी १६८४ अशी असते; जाणकार १६८४/८५ अशी जोडून लिहितात, आपल्याला हवे ते साल १६८५. आपण १६८४ छापले आहे. त्याची राणी कॅथरिन मात्र पोर्तुगालची, आणि पोर्तुगालने १५८२ सालीच ग्रेगरियन पद्धत घेतली होती. ज्या लग्नात मुंबई आंदण गेली त्या जोडप्यातल्या नवऱ्याची जन्मतारीख एका पंचांगातली आणि बायकोची दुसऱ्या!

छत्रसालांची नोंद विक्रम संवतातली आहे, ज्येष्ठ शुद्ध ३, संवत १७०६. बुंदेलखंडात संवत चैत्रात बदलते, म्हणून ५७ वजा करून १६४९. गुजराती पद्धतीचे कार्तिकात बदलणारे संवत समजून ५६ वजा केले की १६५० येते. इथे तिथी शुद्ध पक्षातली आहे म्हणून निभावले. वद्य पक्षातली असती तर उत्तरेतल्या महिन्याचे नाव आपल्यापेक्षा एकाने पुढचे असते, तेही तपासावे लागले असते.

सगळ्यांना एकाच पद्धतीत आणायचे तर कोणती पद्धत घ्यावी यावर वाचनालयात बराच खल झाला. मी ज्युलियनच्या बाजूने. १९ फेब्रुवारी, ३ एप्रिल आणि राज्याभिषेकाचा ६ जून या तारखा महाराष्ट्राच्या अंगवळणी पडल्या आहेत आणि त्या हलवल्या तर वाचक फलकच चुकीचा ठरवतील. त्यापेक्षा औरंगजेब आणि कॅथरिन दहा-अकरा दिवस मागे गेलेले बरे. फलकावर मूळ नोंद ठेवायची आणि शेजारी समान तारीख:

| नाव | मूळ जन्मनोंद | जन्म (ज्युलियन) | मूळ मृत्युनोंद | मृत्यू (ज्युलियन) |
|---|---|---|---|---|
| समर्थ रामदास | चैत्र शु. ९, शके १५३० | मार्च १६०८ | माघ व. ९, शके १६०३ | जानेवारी १६८२ |
| औरंगजेब | १५ जिल्काद १०२७ | २४ ऑक्टोबर १६१८ | २८ जिल्काद १११८ | २०/२१ फेब्रुवारी १७०७ |
| शिवाजी महाराज | फाल्गुन व. ३, शके १५५१ | १९ फेब्रुवारी १६३० | चैत्र शु. १५, शके १६०२ | ३ एप्रिल १६८० |
| दुसरा चार्ल्स | २९ मे १६३० | २९ मे १६३० | ६ फेब्रुवारी १६८४/८५ | ६ फेब्रुवारी १६८५ |
| कॅथरिन | २५ नोव्हेंबर १६३८ (ग्रेगरियन) | १५ नोव्हेंबर १६३८ | ३१ डिसेंबर १७०५ (ग्रेगरियन) | २० डिसेंबर १७०५ |
| छत्रसाल | ज्येष्ठ शु. ३, संवत १७०६ | ४ मे १६४९ | संवत १७८८ | १७३१ |
| संभाजी महाराज | ज्येष्ठ शु. १२, शके १५७९ | १४ मे १६५७ | फाल्गुन अमावास्या, शके १६१० | ११ मार्च १६८९ |

आता चार्ल्स आणि महाराज यांच्या वयात अवघ्या सव्वातीन महिन्यांचे अंतर आहे हे खात्रीने सांगता येते.

या सगळ्यात एक गोष्ट वेगळी ठेवावी. काही बखरींत महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध २, शके १५४९ असा येतो, म्हणजे १६२७. हा फरक जवळपास तीन वर्षांचा आहे आणि कुठल्याही रूपांतराने तो मिटणार नाही, कारण तो दोन साधनांमधला वाद आहे. दहा-अकरा दिवस, नेमके एक वर्ष किंवा एखादा दिवस एवढा फरक दिसला तर पंचांग पाहावे. इतर फरकांसाठी साधने पाहावीत. आपल्या टीपेत १६२७ चा उल्लेख ‘जुन्या कालगणनेनुसार’ असा झाला आहे, तो दुरुस्त व्हावा.

पुरवणी पुन्हा निघेल तेव्हा तक्त्याच्या माथ्यावर पद्धतीचे नाव आणि एक रकाना मूळ नोंदीचा, एवढे छापले तरी पुरे. जागेअभावी रकाना काढायचाच असेल तर वयाचा काढावा. तो वाचकाला स्वतः काढता येतो.

आपला,
एक वाचक, सातारा