कर पैजेवर की जिंकण्या-हरण्यातल्या फरकावर?

महोदय,

कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि पैशांचे ऑनलाइन खेळ यांच्यावर २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी तो २८ टक्के होता. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती या आकड्यांची. हे ४० टक्के नेमके कशाचे, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. मी पणजीत अप्रत्यक्ष करांचे काम करतो आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

ऑनलाइन रमीचा एक डाव घ्या. दहा जण प्रत्येकी १०० रुपये लावतात, एकूण १,००० रुपये जमतात. त्यातले समजा १०० रुपये ॲप स्वतःच्या कमिशनपोटी कापून घेते, त्याला खेळणारे 'रेक' म्हणतात. उरलेले ९०० जिंकणाऱ्याला मिळतात. २०२३पर्यंत रमीची ॲप्स फक्त या १०० रुपयांवर १८ टक्के, म्हणजे १८ रुपये कर भरत असत. कर विभागाचे म्हणणे होते की कर पूर्ण १,००० रुपयांवर, आणि तोही २८ टक्क्यांनी, लागला पाहिजे. म्हणजे २८० रुपये. ॲपची डावातली सगळी कमाईच १०० रुपये. शिवाय जिंकलेले ९०० पुढच्या डावात लावले की त्यांच्यावर पुन्हा कर. अशाच हिशेबाने सप्टेंबर २०२३मध्ये आमच्या गोव्यात कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पला ११ हजार कोटींहून अधिक रकमेची नोटीस आली. या क्षेत्रातल्या अशा नोटिसांवरच्या कारवाईला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये स्थगिती दिली.

सरकार पैजेची रक्कमच का धरते, याला कारण आहे आणि ते क्षुल्लक नाही. कमाईवर कर लावायचा तर जमा झालेली पैज आणि वाटलेली बक्षिसे असे दोन आकडे लागतात, आणि दोन्ही ॲपच्याच सर्व्हरवर असतात. बोनस बक्षीस धरायचा की नाही, फुकट दिलेली पैज पैज मानायची की नाही, यावर प्रत्येक वेळी वाद. सर्व्हर परदेशात असेल तर तपासणार कसे? उलट खेळाडूने यूपीआयने पैसे भरले की त्याची नोंद बँकेत राहते. शिवाय बक्षिसे कितीही वाटली गेली तरी सरकारचा वाटा सुटत नाही. लॉटरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये म्हटलेच होते की बक्षिसाची रक्कम करपात्र मूल्यातून वजा करता येणार नाही.

पण त्या बाजूने फार ओढले की काय होते, हे ब्रिटनने अनुभवले आहे. तिथे २००१पर्यंत पैजेच्या रकमेवर ६.७५ टक्के कर होता आणि बुकी ग्राहकाकडून ९ टक्के कापत. मग मोठे बुकी जिब्राल्टरला गेले आणि तिथून फोनवर बिनकराच्या पैजा घेऊ लागले. शेवटी ऑक्टोबर २००१मध्ये सरकारने तो कर काढून पैजेतून बक्षिसे वजा जाता उरणाऱ्या रकमेवर १५ टक्के कर लावला. दर दुपटीहून मोठा, पण पाया लहान. हे जमले, कारण परवानाधारक बुकींच्या वह्या तपासण्याची यंत्रणा तिथे आधीपासून होती.

आपल्या जीएसटी परिषदेने जुलै २०२३मध्ये पूर्ण रकमेवर २८ टक्के कर ठरवला आणि लगेच ऑगस्टमध्ये मधला रस्ता काढला. कर प्रत्येक डावावर नको, खेळाडू खात्यात जी रक्कम भरतो तिच्यावर एकदाच. जिंकलेले पैसे बाहेर न काढता पुन्हा लावले तर त्यांवर नाही. हा झाला नियम ३१बी, आणि कॅसिनोसाठी चिप्सच्या खरेदीवर तसाच नियम ३१सी. दोन्ही १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाले. प्रत्येक डावावरच्या करापेक्षा हे शहाणपणाचे होते, हे मान्य. पण या नियमांत एक वाक्य आहे, आणि मला त्याचीच काळजी वाटते. खेळाडूला परत दिलेली रक्कम, मग त्याने ती खेळात वापरली नसली तरीही, करपात्र मूल्यातून वजा होत नाही.

आता दोन खेळाडू घ्या. २८ टक्के दर होता तेव्हाचा हिशेब करू. पहिला १,००० रुपये भरतो. कर या रकमेतच धरला तर सुमारे २१९ रुपये कर जातो आणि ७८१ खेळायला उरतात. दहा संध्याकाळी तो ते खात्यातच ठेवून खेळतो. कर २१९च राहतो. दुसरा अगदी तसेच डाव खेळतो, पण रोज उठताना उरलेले पैसे काढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १,००० भरतो. त्याचा कर दहा पट, जवळजवळ २,१९० रुपये. खिशाला आवर घालण्याची जी सवय आपण कोणत्याही जुगाऱ्याला सांगू, तिच्यावरच कर बसला.

ॲपच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी वाईट आहे. खेळाडू पळू नये म्हणून अनेक ॲप्सनी करापोटी गेलेले पैसे बोनस म्हणून परत दिले. १० टक्के रेक घेणाऱ्या ॲपला ते २१९ भरून काढायला त्या खेळाडूकडून २,१९० रुपयांच्या पैजा लावून घ्याव्या लागतात. त्याचे स्वतःचे पैसे हजारच आहेत. म्हणजे तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरवायला लावल्याशिवाय हिशेब बसत नाही. ज्या कराचे समर्थन व्यसन रोखण्याच्या भाषेत केले जाते, तो व्यसनाच्याच बाजूने ढकलतो. हे मला असह्य वाटते.

ऑनलाइन खेळांतल्या कमाईवरचा आयकर मात्र निव्वळ जिंकलेल्या रकमेवर होता. २०२३पासून कलम १९४बीएनुसार काढलेल्या रकमेतून भरलेली रक्कम वजा करून उरलेल्यावर ३० टक्के टीडीएस कापायचा असे. मूळ हिशेब असा की आत किती गेले, बाहेर किती आले. म्हणजे हे मोजता येत नाही, असे सरकारलाही म्हणता येणार नाही. आयकरासाठी ॲपला प्रत्येक खात्याचे दोन्ही आकडे ठेवायला लावले होतेच.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, म्हणून हा विषय संपला असे कोणाला वाटेल. गोव्यात तो संपलेला नाही. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर चिप्स विकल्या जातात आणि नियम ३१सी तसाच आहे, दर मात्र ४० टक्के झाला. कर किमतीतच धरला तर १०,०००च्या चिप्समध्ये सुमारे २,८५७ रुपये कराचे. त्यातल्या निम्म्या चिप्स न खेळता कोणी काउंटरवर परत केल्या, तरी त्यांच्यावरचा कर सुटत नाही.

माझी मागणी मोठी नाही. दर ४० टक्केच ठेवा, हवा तर वाढवा. पण त्याच दिवशी परत केलेल्या चिप्सची रक्कम करपात्र मूल्यातून वजा होऊ द्या. कॅशियरच्या काउंटरवर विक्री आणि परतावा दोन्हींची नोंद होते, तिथे कर विभागाने स्वतःचे मोजणीयंत्र जोडावे. यातली पळवाट मला दिसते. काळा पैसा घेऊन येणारा चिप्स विकत घेईल, न खेळता परत करेल आणि पैसे कॅसिनोतून आल्याचे सांगेल. म्हणून वजावट फक्त बँकेतून घेतलेल्या आणि त्याच बँक खात्यात परत गेलेल्या रकमेला द्यावी, रोखीला नाही. गोव्याच्या मंत्र्यांनी २०२३मध्ये जीएसटी परिषदेत पूर्ण रकमेवरच्या कराविरुद्ध आवाज उठवला होता. पुढच्या बैठकीत त्यांनी निदान नियम ३१सीमधले ते एक वाक्य मांडावे.

आपला,
एक करसल्लागार वाचक, पणजी