एकाच वेळी दोन पेपर: विद्यार्थ्याने कुठे बसावे?

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

हिवाळी सत्राच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात एक अडचण हमखास पुढे येते. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा पाचव्या सत्राचा नियमित पेपर आणि तिसऱ्या सत्रात राहिलेला एटीकेटीचा पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी लागलेला असतो. एक सकाळी आणि एक दुपारी असेल तर विद्यार्थी कसेबसे निभावून नेतो. पण दोन्ही सकाळच्याच सत्रात असतील तर एका विषयात तो गैरहजर ठरणारच, आणि ती गैरहजेरी अनुत्तीर्ण होण्यासारखीच मोजली जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवा अभ्यासक्रम लागू झाल्यापासून ही अडचण अधिक जाणवते. नव्या आणि जुन्या अभ्यासक्रमांची वेळापत्रके वेगवेगळी निघतात. ती आखताना एका वर्षाच्या नियमित विषयांची टक्कर टाळली जाते, परंतु जुन्या अभ्यासक्रमाचा राहिलेला पेपर वरच्या वर्षाच्या नियमित पेपरवर येतो का, हे तपासले जातेच असे नाही.

गेल्या हिवाळ्यातील आमच्याकडील एका वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीचे उदाहरण घ्या. दोन्ही परीक्षा अर्ज तिने वेळेत भरले होते आणि शुल्कही भरले होते. प्रवेशपत्र हाती आले तेव्हा दोन विषयांपुढे तीच तारीख आणि तीच वेळ छापलेली होती. तिने साधा विनंती अर्ज लिहिला, पण त्यात विषयांचे संकेतांक नव्हते, त्यामुळे तो विद्यापीठातून परत आला. दुसऱ्या अर्जात कायम नोंदणी क्रमांक, बैठक क्रमांक, दोन्ही विषयांची नावे व संकेतांक, तारीख, वेळ, प्रवेशपत्राची आणि शुल्काच्या पावत्यांची प्रत हे सारे घालून तो प्राचार्यांच्या शिफारशीसह परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे पाठवला. तोवर पेपर दोन दिवसांवर आला होता आणि उत्तर आले नाही. तिने नियमित पेपर दिला. राहिलेला विषय आणखी लांबला. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की प्रवेशपत्राची वाट पाहू नका. तात्पुरते वेळापत्रक जाहीर होताच आपले सर्व विषय संकेतांकांसह ताडून पाहा आणि लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

मात्र हा भार केवळ विद्यार्थ्यांवर टाकणे मला मान्य नाही. कोणत्या विद्यार्थ्याने कोणते विषय भरले आहेत, ही माहिती परीक्षा अर्जांमधून विद्यापीठाकडे आधीच जमा झालेली असते. वेळापत्रक अंतिम करण्यापूर्वी नोंदणी क्रमांकानुसार ती तपासली, तर एकाच वेळी दोन पेपर असलेल्यांची यादी संगणक देऊ शकतो, आणि बहुतेक टकरी एक पेपर दुपारी हलवूनच सुटतील.

ज्या सुटणार नाहीत त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये जीसीएसई आणि ए-लेव्हल या शालेय स्तरावरील परीक्षांत रुळलेली पद्धत विचारात घ्यावी. तिथे अशा विद्यार्थ्याला एक पेपर ठरलेल्या वेळी देता येतो आणि दुसरा त्याच दिवशी नंतर. मधल्या वेळेत तो पर्यवेक्षकाच्या नजरेखाली असतो, त्याच्याजवळ फोन नसतो, इतर परीक्षार्थींशी बोलता येत नाही. प्रश्नपत्रिका तीच वापरता येते, कारण ती फुटण्याची वाट बंद केलेली असते. आमच्यासारख्या केंद्रावर यासाठी एक खोली, एक पर्यवेक्षक आणि विद्यार्थ्याच्या जेवणाची सोय एवढेच लागेल.

परीक्षेच्या काळातच एखाद्या विद्यार्थ्याची शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे. एका विद्यार्थ्यासाठी विद्यापीठाचा लेखी पेपर काही आठवड्यांनी पुन्हा घ्यायचा, तर नवी प्रश्नपत्रिका काढावी लागेल. तो आग्रह मी धरत नाही. पण अंतर्गत मूल्यमापन आणि प्रात्यक्षिक यांच्या तारखांबाबत महाविद्यालयाला बरेच काही करता येते. शस्त्रक्रियेची तारीख आणि विश्रांतीचा कालावधी लिहिलेले डॉक्टरांचे पत्र आधीच दिले, तर दुसऱ्या तुकडीबरोबर परीक्षा घेता येते. बारावीच्या प्रात्यक्षिकांसाठी राज्य मंडळाची ‘आउट ऑफ टर्न’ची, म्हणजे ठरलेल्या वेळी परीक्षा न देता आल्यास ती नंतर देण्याची, सोय आहेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये आयबीपीएसच्या परीक्षेशी तारीख जुळल्याने एमपीएससीची २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली गेली. त्यासाठी पुण्यात मोठ्या संख्येने विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. एटीकेटीचा पेपर अडलेल्या एकट्या मुलीमागे असा जमाव उभा राहत नाही. म्हणून राज्यातील विद्यापीठांना माझी विनंती आहे की तात्पुरत्या वेळापत्रकाबरोबरच पेपर-टकरीचा एक ठरावीक अर्ज आणि त्याची अंतिम तारीख जाहीर करावी, आणि अर्जाचा निर्णय पेपरच्या किमान सात दिवस आधी लेखी कळवावा.

आपला विश्वासू,
महाविद्यालयीन परीक्षा विभागात काम करणारा एक प्राध्यापक, सातारा